पन्नास लाखांची मागणी आणि रबोडीतल्या शिलाई मशीन

खोपटच्या एसटी आगारातून निवृत्त झालेल्या आमच्या एका स्नेह्यांनी मगरिबनंतर घरी बोलावले. परिसरात सगळे त्यांना चाचाच म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणू. टेबलावर चहा, खारी आणि लॅपटॉप. समोर त्यांची पुतणी आणि तिची इंजिनीअर मैत्रीण. दोघींनी एक धंदा सुरू केला होता आणि गुंतवणूकदारांना दाखवण्यासाठी चौदा स्लाइडचा डेक तयार केला होता. मागणी पन्नास लाखांची. बदल्यात कंपनीचा दहा टक्के हिस्सा. त्यातले बारा लाख चाचांनी आपल्या निवृत्तीच्या पैशातून घालावेत, बाकीचे बाहेरून येतील, असा बेत होता.

"पोरगी आपली आहे, नाही म्हणवत नाही," चाचा आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले. "पण हे कागद कसे वाचायचे ते मला कळत नाही. तुम्ही अशी कामे पाहता. परका माणूस जसे वाचेल तसे वाचून सांगा."

चौदा स्लाइडपैकी आम्ही त्या दिवशी तीनच वाचल्या. अडचण कोणती, बाजार केवढा आणि पैसे किती मागता. पैसे घालणारा माणूसही आधी याच तीन उघडतो. त्या वेगळ्या दिसल्या तरी हिशोब एकच असतो. अडचण किती जणांना, किती वेळा येते आणि ती सोडवायला ते किती मोजतात, यावरून बाजार ठरतो. त्या बाजारातून मालकाच्या हाती काय उरते, यावरून किती पैसे मागावेत ते ठरते.

धंदा असा होता. रबोडीत घरी बसून शिलाई करणाऱ्या बऱ्याच बायका आहेत, हात चांगला, काम मात्र लग्नसराईपुरते. दुसरीकडे सोसायट्यांमध्ये ऑनलाइन कपडे येतात, कोणाची बाही लांब, कोणाची कंबर सैल. अ‍ॅपवर नोंद करायची, मुलगा येऊन कपडे नेणार, रबोडीत ऑल्टरेशन होणार, दोन दिवसांत परत. पहिल्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत लिहिले होते की भारतातील शिलाई क्षेत्र असंघटित आहे आणि ग्राहकांना मापाचे कपडे मिळत नाहीत.

वाक्य खोटे नाही. पण ते कोणाबद्दल आहे? क्षेत्र असंघटित असणे ही एखाद्या अहवालाची अडचण असेल, त्यापायी रात्री कोणाची झोप उडत नाही. आम्ही पुतणीला विचारले, "बेटा, कुर्त्याची बाही लांब असली तर तुझ्या ग्राहक बाई आज काय करतात?" ती थोडा विचार करून म्हणाली, "कधी खालच्या टेलरकडे देतात. कधी बाही दुमडून घालतात. कधी कपडा तसाच कपाटात राहतो." मग आम्ही म्हणालो की कपाटात पडलेला कुर्ता हीच तुमची खरी प्रतिस्पर्धी कंपनी. काहीच न करणे लोकांना परवडत असेल, तर ती अडचण फार टोचत नाही.

खरी अडचण कशी दिसते याचे आपल्याच महाराष्ट्रातले उदाहरण पुष्कळांनी टीव्हीवर पाहिले आहे. 'शार्क टँक इंडिया'च्या पहिल्या पर्वात, 2022 च्या सुरुवातीला, नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावकडचे कमलेश घुमरे आले होते, तेच 'जुगाडू कमलेश'. औषध फवारायचा जड पंप शेतकरी पाठीवर वाहतो. त्याऐवजी सायकलीसारखी ढकलायची फवारणीची गाडी त्यांनी बनवली होती. अडचण सांगायला त्यांना स्लाइडची गरजच नव्हती, पंप पाठीवर दिसत होता. कोणाला त्रास होतो, कधी होतो आणि तो माणूस आज काय करतो, ही तिन्ही उत्तरे त्या एका चित्रात होती. या उदाहरणाकडे पैशाच्या स्लाइडच्या वेळी परत येऊ.

आता बाजाराची स्लाइड. तिथे एकात एक अशी तीन वर्तुळे होती. बहुतेक डेकमध्ये ती असतात आणि त्यांना टॅम, सॅम, सोम अशी नावे असतात. म्हणजे एकूण बाजार, आपण पोहोचू शकतो तो बाजार आणि आपल्या हाती खरोखर लागेल तो बाजार. बाहेरच्या वर्तुळात देशातल्या तयार कपड्यांच्या विक्रीचा अफाट आकडा होता. खाली एक ओळ, यातला एक टक्का मिळाला तरी आपण मोठी कंपनी होऊ.

या ओळीपाशी गुंतवणूकदार हसतो आणि पान उलटतो. पहिला दोष म्हणजे हा बाजारच त्यांचा नव्हे. त्या कुर्ते विकत नाहीत, बाह्या आखूड करतात. हजाराच्या कुर्त्यातले शंभर-सव्वाशे रुपये त्यांच्या कामाचे, तेही तो कुर्ता बिघडलेला असेल तर. दुसरा दोष अधिक खोल आहे. एक टक्का कोण देणार? बाजार कोणाला टक्क्यांनी मिळत नाही, एकेका गिऱ्हाइकाने मिळतो. म्हणून वर्तुळे बाजूला ठेवून आम्ही खालून वर मोजायला बसलो.

मोजायला दोघींकडे सामान होते, आणि ही त्यांची जमेची बाजू. चार महिने त्यांनी तीन सोसायट्यांत काम केले होते. एकूण 620 घरे. त्यातल्या 74 घरांनी एकदा तरी कपडे दिले. दुसऱ्यांदा देणारी घरे 26. डेकमध्ये 74 हा आकडा ठळक होता, 26 कुठेच नव्हता. पैसे घालणाऱ्याची नजर मात्र 26 वर असते, कारण पहिल्यांदा लोक कुतूहलाने देतात, ओळखीने देतात, सवलत आहे म्हणून देतात. दुसऱ्यांदा देतो तो गरजेने. म्हणजे शंभरात चार घरे. या 26 घरांच्या चार महिन्यांत मिळून 70 ऑर्डर आल्या होत्या, म्हणजे एका घराच्या वर्षाला साधारण आठ.

एका ऑर्डरचे सरासरी बिल 240 रुपये. त्यातले 140 शिवणाऱ्या बाईला, 60 नेण्या-आणण्याला, उरले 40. या चाळीस रुपयांतून अ‍ॅप, गाळ्याचे भाडे, फोन आणि दोघींचे पोट.

2011 च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या 18 लाख 41 हजार होती. चार माणसांचे घर धरले तर साडेचार लाखांच्या आसपास घरे. यातली अशा सोसायट्यांतली, खोपटहून मुलगा स्कूटरवर वेळेत जाऊन येईल अशी किती? आम्ही सढळ हाताने एक लाख धरली. त्यातली शंभरात चार म्हणजे चार हजार घरे. प्रत्येकाच्या आठ म्हणजे वर्षाला 32,000 ऑर्डर. गुणिले 240, उलाढाल 76 लाख 80 हजार. आणि कंपनीच्या हाती, गुणिले 40, बारा लाख ऐंशी हजार.

पुतणीने कॅल्क्युलेटरवर दोनदा करून पाहिले. "म्हणजे सगळे ठाणे मिळाले तरी?"

सगळे ठाणे मिळाले तरी. तेही पगार आणि भाडे वजा करायच्या आधी.

इथे एक इशारा आम्ही स्वतःलाही देतो, कारण बाजार लहान आहे असे म्हणून मोठमोठे लोक फसले आहेत. एअरबीएनबी या अमेरिकन कंपनीच्या ब्रायन चेस्की यांनी 2015 मध्ये आपल्याला आलेली नकाराची जुनी पत्रे प्रसिद्ध केली. 2008 मध्ये ते दीड लाख डॉलर मागत होते, कंपनीची किंमत पंधरा लाख डॉलर धरून. सात जणांशी ओळख करून दिली गेली. पाच जणांनी नकार दिला, दोघांनी उत्तरच दिले नाही. एका नकारात बाजार पुरेसा मोठा वाटत नाही असेच कारण होते. मग आमचा हिशोबही तसाच चुकीचा नसेल कशावरून? हा प्रश्न इंजिनीअर मैत्रिणीने विचारला, आणि योग्यच विचारला.

फरक हातांचा आहे. घरातली एक खोली भाड्याने देणारे संकेतस्थळ एका शहरातून शंभर शहरांत गेले तर खोल्या लोकांच्याच असतात, कंपनीचे काम त्या प्रमाणात वाढत नाही. बाहीचे तसे नाही. दर बाहीला कोणाचे तरी दोन हात लागतात आणि दर पिशवीला एक फेरी. ऑर्डर दहापट झाल्या तर बाईंची मजुरी दहापट, पेट्रोलही जवळजवळ दहापट. चाळीस रुपयांचे ऐंशी कशाने होतील, हे डेकमध्ये कुठेच नव्हते. ते असते तर आम्ही लहान बाजारालाही थांबून ऐकले असते.

एअरबीएनबीचा सुरुवातीचा डेक आज कोणालाही पाहता येतो, आणि त्यातली पैशाची स्लाइड आम्हाला विशेष आवडते. पाच लाख डॉलर हवेत, बारा महिने पुरतील, तेवढ्यात 80,000 व्यवहार होतील, प्रत्येकी सुमारे 25 डॉलर शुल्क, म्हणजे वीस लाख डॉलरचे उत्पन्न. एवढेच. किती, किती काळासाठी, आणि शेवटी काय उभे असेल. आकडा खरा ठरेल की नाही हा पुढचा भाग, पण वर्षभराने तपासता येईल असे काहीतरी लिहिलेले आहे.

खोपटच्या डेकमध्ये पन्नास लाखांचे गोल चित्र होते. अ‍ॅपला वीस, जाहिरातीला पंधरा, पगाराला दहा, इतर पाच. पैसे कुठे जातील हे कळत होते, पण त्यातून काय येईल याचा पत्ता नव्हता. आम्ही विचारले की महिन्याला किती खर्च धरला आहे. तीन लाख. म्हणजे साडेसोळा महिन्यांत पैसे संपणार. त्या दिवशी कंपनीकडे काय असेल, जे पाहून दुसरा कोणी पुढचे पैसे देईल? दोघी एकमेकींकडे पाहू लागल्या.

आणि किंमत. दहा टक्क्यांना पन्नास लाख म्हणजे पूर्ण कंपनी पाच कोटींची, आलेले पैसे धरून. आधीच्या धंद्याची किंमत साडेचार कोटी. चाचांनी चहाचा कप खाली ठेवला. "चार महिन्यांच्या कामाचे साडेचार कोटी? आगारात आम्ही उभा जन्म काढला!"

चाचांचा राग समजण्यासारखा आहे, पण फक्त रागाने किंमत ठरत नाही. अशा धंद्यात पैसे घालणारा माणूस वेगळा हिशोब करतो. समजा त्याने दहा ठिकाणी पाच-पाच लाख घातले, एकूण पन्नास. अनुभव असा की त्यातले सहा पूर्ण बुडाले, तिघांनी मुद्दल परत केले, तरी नशीब बरे म्हणायचे. तिघांचे पंधरा लाख आले. उरलेल्या एकाने पस्तीस लाख आणले, म्हणजे सातपट, तेव्हा कुठे मुद्दल भरून निघते. कमाई त्यानंतर. म्हणून तो प्रत्येक डेककडे 'हे दहापट होऊ शकते का' याच नजरेने पाहतो. पाच कोटींची दहापट पन्नास कोटी. वर्षाला बारा-तेरा लाख हाती येणाऱ्या धंद्याला, तेही सगळे ठाणे मिळाल्यावर, पन्नास कोटी कोणी देणार नाही. त्यामुळे बाहेरचे अडतीस लाख येणारच नव्हते. आणि ते आले नसते तर चाचांचे बारा लाख चार महिन्यांत संपले असते आणि अ‍ॅप अर्धवट राहिले असते. घरच्यांचे पैसे बहुतेक असेच जातात. सर्वांत आधी येतात ते घरचेच, कारण ते प्रश्न विचारत नाहीत.

आता जुगाडू कमलेश यांच्याकडे परत. त्यांनी दहा टक्क्यांना तीस लाख मागितले होते, म्हणजे कंपनीची किंमत तीन कोटी. लेन्सकार्टचे पियूष बन्सल यांनी सौदा केला तो असा, दहा लाख रुपये चाळीस टक्के हिस्सा घेऊन, आणि वीस लाख रुपये शून्य व्याजाच्या कर्जाने. मागितलेली रक्कम पूर्ण मिळाली, पण हिस्सा ज्या भावाने गेला त्यावरून कंपनीची किंमत पंचवीस लाख ठरली. कोणी म्हणेल किती हिस्सा गेला, कोणी म्हणेल बिनव्याजी वीस लाख मिळाले. आम्हाला त्यातले वेगळेच महत्त्वाचे वाटते. मागणी म्हणजे एकच आकडा नसतो. काही पैसे हिश्शाचे असू शकतात, काही उसने असू शकतात, आणि धंद्याच्या जातीप्रमाणे ते वेगवेगळे मागता येतात. हे कळल्यावर पन्नास लाखांचा हट्ट आपोआप सैल होतो.

निघताना आम्ही सहज विचारले की सोसायट्यांखेरीज कोणाचे काम येते का. पुतणी म्हणाली, "येते ना, पण ते डेकमध्ये घातले नाही. साधे काम आहे." गेल्या सहा आठवड्यांत तीन दुकानांकडून अकरा पिशव्या आल्या होत्या. एका पिशवीत साधारण वीस ड्रेस. दुकानदाराची अडचण अशी की गिऱ्हाईक शनिवारी ड्रेस पसंत करते आणि सोमवारी हवा म्हणते, त्यांचा टेलर ऐन सीझनमध्ये गावाला गेलेला असतो, आणि फिटिंग वेळेत झाले नाही तर विक्रीच हातची जाते.

आम्ही परत खाली बसलो. अडचणीची स्लाइड इथे होती, आणि ती डेकमध्ये नव्हतीच. हा माणूस वाट पाहू शकत नाही. तो आजही या कामाचे पैसे कोणाला तरी देतो. आणि ही अडचण त्याला दर आठवड्याला येते.

हिशोबही वेगळा निघाला. दुकान एका ड्रेसचे 90 रुपये देते, पिशवीचे 1,800. बाईंना ड्रेसमागे 60, म्हणजे 1,200. रिक्षा जाऊन-येऊन 160. उरले 440, एका फेरीत. घरगुती ऑर्डरच्या एका फेरीत उरत होते चाळीस. अ‍ॅपही लागत नाही, दुकानदार फोन करतो.

पण एका चांगल्या आकड्यावर भाळायचे नसते. आम्ही दोघींना सांगितले, पंधरा दिवस पायी फिरा. गोखले रोड, राम मारुती रोड, जांभळी नाका. बायकांच्या कपड्यांची दुकाने मोजा, आत जा आणि विचारा. 'आमची सेवा आवडेल का' असे विचारू नका, कारण त्याला सगळे हो म्हणतात. 'मागच्या महिन्यात फिटिंगचे किती कपडे बाहेर दिले, कोणाला, काय भावाने' असे विचारा. दोघी फिरल्या. 140 दुकाने मोजली, 40 जणांशी बोलल्या. बाहेर काम देणारी दुकाने 17 निघाली. 140 ला हाच हिशोब लावला तर साठएक दुकाने. सध्याच्या तीन दुकानांच्या गतीने एका दुकानाच्या वर्षाला तीस पिशव्या, साठांच्या 1,800, आणि कंपनीच्या हाती सात लाख ब्याण्णव हजार.

म्हणजे हाही बाजार लहानच. पन्नास कोटींची कंपनी यातूनही होत नाही. पुतणीचा चेहरा पडला. तेव्हा चाचांनी, इतका वेळ गप्प बसलेल्या, कागद ओढून घेतला आणि तोच हिशोब बाईंच्या बाजूने मांडला. 1,800 पिशव्या, प्रत्येकी 1,200, वर्षाला एकवीस लाख साठ हजार रुपये मजुरी. पंधरा बायकांत वाटली तर प्रत्येकीला महिन्याला बारा हजार, घरबसल्या. "हे मला समजते," चाचा म्हणाले. "हे कंपनी नसले तरी दुकान आहे."

दुकानाला दुकानासारखे पैसे लागतात. दोघींनी नवा कागद केला, त्यात स्लाइड नाहीत. मागणी चार लाख. दोन ओव्हरलॉक मशीन, लहान गाळ्याचे डिपॉझिट, सहा महिन्यांचा खर्च. सहा महिन्यांत तीनाची वीस दुकाने नियमित करायची. बारा झाली तर पुढे जायचे, दहाच्या आत राहिली तर मशीन विकून थांबायचे. वीस दुकाने झाली तर वर्षाला 600 पिशव्या, हाती दोन लाख चौसष्ट हजार. एकीचे घर त्यावर चालेल, दोघींचे नाही, आणि इंजिनीअर मैत्रिणीने नोकरी सोडू नये असे आम्ही स्पष्ट सांगितले. तिला ते फारसे आवडले नाही.

पैसे कोणत्या रूपात द्यायचे यावर घरात बरीच चर्चा झाली. ठरावीक दराने परत करा म्हणणे चाचांना नको होते, ते व्याजच झाले असते. मग ज्या पद्धतीला आपल्याकडे मुदारबा म्हणतात ती पुढे आली. एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत, नफ्याचे प्रमाण आधीच ठरलेले, रक्कम नव्हे. नुकसान झाले तर भांडवलाचे भांडवलवाल्याचे आणि मेहनत मेहनतवालीची वाया, मात्र तिने हलगर्जी किंवा लबाडी केली नसेल तर. चाचांना चाळीस टक्के, दोघींना साठ. नोंदणी एलएलपी म्हणून करायची, म्हणजे धंद्याची देणी चाचांच्या घरापर्यंत येणार नाहीत. साध्या भागीदारी फर्ममध्ये ती येऊ शकतात, आणि घरच्या घरात केलेल्या भागीदारीत हे कोणी पाहत नाही.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत शेअरच्या बदल्यात पैसे देणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. कंपनी कायदा 2013 नुसार पैसे मिळाल्यापासून साठ दिवसांत शेअर वाटले गेले पाहिजेत, नाहीतर पुढच्या पंधरा दिवसांत पैसे परत. पैसे कंपनीच्या खात्यात बँकेतूनच द्यायचे, पुतण्याच्या खात्यात नव्हे. नात्यात हे मागायला लाज वाटते. साठ दिवस उलटून गेले आणि हातात कागद नसला, तर पुढे मागणे आणखी कठीण होते.

जुना डेक पुतणीने ठेवला आहे. त्यातली अडचणीची स्लाइड मात्र तिने बदलली. आता तिथे ड्रेसच्या एका दुकानाचा फोटो आहे, काउंटरवर फिटिंगला निघालेल्या कपड्यांचा ढीग, आणि खाली एकच ओळ, शनिवारी पसंत, सोमवारी हवा. आम्ही गेलो त्या आठवड्यात दुकाने सात झाली होती.